आकाशाची ओळख : लेखांक ९
पुस्तकातली आकृती आणि संकष्टीचा चंद्र

शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी ती आकृती काढली आहे. मध्ये पिवळा सूर्य, भोवती आडवी पसरट लंबवर्तुळाकार कक्षा आणि तिच्यावर चार ठिकाणी कललेली पृथ्वी. शेजारच्या पानावर दुसरी आकृती असते. तिच्यात पृथ्वीभोवती आठ चंद्र असतात, अर्धे काळे आणि अर्धे पांढरे. या दोन आकृत्या चुकीच्या नाहीत, पण त्यांच्यामुळे काही ठाम चुकीच्या समजुती पिढ्यान्‌पिढ्या मनात बसल्या आहेत. १९८७ साली अमेरिकेत ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ नावाचा एक लघुपट झाला. त्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापकांना विचारलं गेलं, की ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का दिसतात. २३ पैकी २१ जणांची उत्तरं चुकली. बहुतेकांचं म्हणणं असं, की पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा होतो. ही सगळी शिकलेली माणसं होती आणि ती लहानपणी पाहिलेल्या आकृतीवरूनच बोलत होती.

म्हणून आज ती आकृती आपण नव्याने, मापात काढू या. कंपासमध्ये दहा सेंटिमीटर अंतर घ्या आणि एक वर्तुळ काढा. लंबवर्तुळ नव्हे, वर्तुळच. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे हे खरं, पण ती इतकी कमी दबलेली आहे, की या मापात लांबी आणि रुंदी यांतला फरक पेन्सिलीच्या रेषेच्या जाडीतच हरवून जातो. फरक दिसतो तो सूर्याच्या जागेत. सूर्य वर्तुळाच्या मध्यापासून जेमतेम पावणेदोन मिलिमीटर बाजूला ठेवायचा. पुस्तकातली पसरट कक्षा ही खरी कक्षा तिरक्या कोनातून पाहिल्यावर दिसते तशी काढलेली असते. ते कुणी सांगत नाही. त्यामुळे मुलांना वाटतं, की वर्षातून काही महिने आपण सूर्यापासून खूप लांब जातो. खरं तर ती पसरट कक्षा जशीच्या तशी खरी मानली आणि सूर्य तिच्या मधोमध ठेवला, तर पृथ्वी वर्षातून दोनदा जवळ आणि दोनदा लांब जाईल, म्हणजे सगळ्या जगात वर्षाला दोन उन्हाळे आणि दोन हिवाळे व्हायला हवेत.

आता या वर्तुळावर तारखा टाकू. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असतं. सर्वांत लांब जाते ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. म्हणजे पुण्या-नाशिकात लोक स्वेटर घालून फिरतात, त्याच दिवसांत सूर्य आपल्याला सर्वांत जवळ असतो. त्याच जानेवारीत मेलबर्नला राहणारी मराठी मंडळी भर उन्हाळ्यात असतात. अंतर दोघांनाही तेच आणि ऋतू मात्र उलटे. अंतरावरून ऋतू ठरत असता तर हे शक्यच नव्हतं. अंतराचा परिणाम अगदीच नाही असं मात्र नाही. जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा सुमारे सात टक्के अधिक ऊन मिळतं, पण अक्षाच्या कलापुढे ते फिकं पडतं.

हा कल २३.४ अंशांचा. आकृतीत तो काढताना एक गोष्ट काटेकोरपणे सांभाळावी लागते. चारही ठिकाणच्या पृथ्वीचे अक्ष एकमेकांना समांतर हवेत. अनेक वह्यांमध्ये अक्ष प्रत्येक ठिकाणी सूर्याकडे झुकलेला असतो, म्हणजे पृथ्वी वर्षभर मान फिरवत राहते. तसं असतं तर उत्तर गोलार्धात कायमचा उन्हाळा असता, आणि ध्रुवतारा वर्षभर एकाच जागी दिसला नसता. मुंबईतून तो उत्तर क्षितिजावर सुमारे १९ अंश उंचीवर दिसतो, जूनमध्येही आणि डिसेंबरमध्येही. अक्षाची दिशा बदलत नाही, बदलते ती सूर्याची बाजू.

इथे आणखी एक गैरसमज डोकावतो. कललेला अर्धा भाग सूर्याच्या ‘जवळ’ येतो म्हणून तिथे उन्हाळा, असं अनेक जण समजावून सांगतात. जवळ येतो तो किती? अख्ख्या पृथ्वीचा व्यासच १२,७४२ किलोमीटर. जानेवारी-जुलैचा ५० लाख किलोमीटरचा फरक जिथे ऋतू उलटा करू शकत नाही, तिथे या काही हजारांना कोण विचारतो? कल काम करतो तो दोन वाटांनी. ऊन किती सरळ पडतं आणि दिवस किती लांब असतो, या त्या दोन वाटा. मुंबईचंच उदाहरण घेऊ. २१ डिसेंबरला, घड्याळात साडेबारा उलटून गेल्यावर, सूर्य माथ्यावर यायची वेळ होते तेव्हा तो दक्षिणेकडे फक्त साडेसत्तेचाळीस अंश चढलेला असतो. एक मीटर उंचीची काठी उभी केली तर तिची सावली सुमारे ९२ सेंटिमीटर पडते. त्या तिरपेपणामुळे जमिनीच्या एका चौरस मीटरला डोक्यावरच्या उन्हाच्या तीन चतुर्थांशच ऊन मिळतं, आणि दिवस सुमारे अकरा तासांचाच असतो. मेच्या मध्यावर तीच काठी रोवली तर दुपारी सावली काठीच्या बुडाशी नाहीशी होते, आणि दिवस तेरा तासांचा झालेला असतो. काठी आणि मोजपट्टी घेऊन गच्चीवर हे कुणालाही तपासता येतं. दर महिन्याच्या एका तारखेला सावलीच्या टोकाशी खडूने खूण केली, तर वर्षाची आकृती जमिनीवर आपोआप उमटते.

मात्र ही आकृती काय सांगत नाही, तेही पाहायला हवं. बऱ्याच आकृत्यांत २१ जूनच्या पृथ्वीखाली ‘उन्हाळा’ असं लिहिलेलं असतं. ते समशीतोष्ण देशांसाठी ठीक आहे. आपल्याकडे तेव्हा पेरण्या चालू असतात आणि छत्र्या बाहेर आलेल्या असतात. सूर्य मेमध्येच आपल्या डोक्यावरून उत्तरेला जातो, जमीन तापते, समुद्र त्या मानाने थंड राहतो, आणि मग ढग येऊन ऊन अडवतात. पाऊस हा जमीन, समुद्र आणि वारा यांचा खेळ आहे. सूर्य-पृथ्वीच्या आकृतीत त्याचं कारण आहे, पण तो स्वतः नाही. म्हणून आपल्या पुस्तकांत त्या चार जागी ऋतूंची नावं न लिहिता नुसत्या तारखा लिहाव्यात, असं मला फार वाटतं.

आता याच आकृतीत चंद्र बसवू या, आणि इथे मापाचा खरा धक्का बसतो. दहा सेंटिमीटरच्या त्या वर्तुळात सूर्य जेमतेम एक मिलिमीटरचा ठिपका होतो. पृथ्वी डोळ्यांना दिसतच नाही. आणि चंद्राची पृथ्वीभोवतीची अख्खी कक्षा अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे पेन्सिलीच्या रेषेच्या आत मावणारी. म्हणून चंद्राची आकृती वेगळी, मोठी करून काढावीच लागते. ती काढताना पृथ्वी आणि चंद्र यांना शेजारी-शेजारी बसवलं जातं, आणि पाहणाऱ्याला वाटतं की पृथ्वीची सावली सारखी चंद्रावर पडत असणार. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, हा समज तिथूनच येतो.

तो तपासायला शुक्ल तृतीयेची संध्याकाळ पुरते. सूर्य नुकताच पश्चिमेला मावळलेला असतो आणि चंद्राची कोर त्याच बाजूला, थोडी वर असते. पृथ्वीची सावली तर सूर्याच्या विरुद्ध दिशेला, पूर्वेला पडलेली असते. ती कोरीपर्यंत पोचणार कशी? पृथ्वीची सावली चंद्राला पकडू शकते ती फक्त पौर्णिमेला, आणि तेव्हाही क्वचितच. चंद्राच्या अंतरावर ही दाट सावली सुमारे नऊ हजार किलोमीटर रुंद असते. चंद्राची कक्षा मात्र पृथ्वीच्या कक्षेला पाच अंशांनी तिरकी आहे, त्यामुळे पौर्णिमेचा चंद्र सावलीच्या मध्यापासून ३४ हजार किलोमीटरपर्यंत वर किंवा खाली जाऊ शकतो. बहुतेक पौर्णिमांना तो सावली चुकवतो. कला घडतात त्या अगदी साध्या कारणाने. चंद्राचा सूर्याकडचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो, आणि त्यातला किती भाग आपल्याकडे वळलेला आहे तेवढाच आपल्याला दिसतो.

ही आकृती बरोबर काढली आहे का, हे तपासायची उत्तम कसोटी आपल्या पंचांगातच आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं कोनीय अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी होते. आकृतीत सूर्य उजवीकडे ठेवा आणि उत्तर ध्रुवाच्या वरून खाली पाहत आहोत असं माना. चंद्र आणि पृथ्वीचं फिरणं, दोन्ही घड्याळाच्या काट्याच्या उलट. सूर्याच्या दिशेला अमावास्या, वर शुक्ल अष्टमी, डावीकडे पौर्णिमा. पृथ्वीच्या गोलावर उजवी कड म्हणजे मध्यान्ह आणि वरची कड म्हणजे सूर्यास्त.

आता संकष्टी घ्या. कृष्ण चतुर्थीला चंद्र पौर्णिमेच्या जागेपासून ३६ ते ४८ अंश पुढे गेलेला असतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला उगवतो. त्यापुढचे ३६ ते ४८ अंश पृथ्वीला फिरावं लागेल, आणि ती तासाला १५ अंश फिरते. म्हणजे सूर्यास्तानंतर २ तास २४ मिनिटं ते ३ तास १२ मिनिटं. सूर्यास्त साडेसहाला धरला तर चंद्रोदय नऊच्या आगेमागे ते पावणेदहा. उपास सोडायला थांबणाऱ्या घरांना हीच वेळ परिचयाची आहे.

पण वर्षभर संकष्टीचे चंद्रोदय लिहून ठेवणाऱ्याला एक गोष्ट खटकेल. शरद ऋतूत, कोजागरीनंतरच्या संकष्टीला, चंद्र साडेआठच्या सुमारास उगवतो, तर चैत्र-वैशाखात दहाच्या आसपास. सपाट आकृती याचं उत्तर देत नाही. थोडा फरक सूर्यास्ताच्या वेळेचा आहे, आणि बाकीचं उत्तर २३.४ अंशांच्या कलात आहे. शरदातला पौर्णिमेनंतरचा चंद्र रोज थोडा उत्तरेकडे सरकतो, म्हणून त्याचं उगवणं फारसं लांबत नाही. वसंतातला तोच चंद्र रोज दक्षिणेकडे सरकतो आणि अधिक उशिरा उगवतो. ऋतूंची आणि कलांची आकृती वेगवेगळ्या पानांवर छापली, तरी आकाशात ती एकच आहे.

चंद्राच्या त्या पाच अंशांच्या तिरकेपणाला आज आपण फक्त स्पर्श केला. पुढच्या आठवड्यात राहू आणि केतू या दोन बिंदूंपासून सुरुवात करू आणि ग्रहणं ठरावीक काळानेच का येतात ते पाहू.