गरम पाण्याचा बर्फ आधी होतो का?

परभणीत मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारे पाणी हाताला चटका देते. ते साधारण ४५ अंश सेल्सिअस धरू. त्याच घरातल्या माठातले पाणी २५ अंशांच्या आसपास असते. बर्फ लवकर हवा असेल तर फ्रीझरमधल्या ट्रेत यांपैकी कोणते पाणी ओतावे? बहुतेक जण माठातले म्हणतील. पण एखादा जण हमखास असा निघतो, जो गरम पाण्याचा बर्फ आधी होतो असे ठामपणे सांगतो आणि हे आपण स्वतः पाहिले आहे, असेही म्हणतो. त्याला वेड्यात काढण्याचे कारण नाही. अॅरिस्टॉटलपासून देकार्तपर्यंत अनेकांनी हीच गोष्ट लिहून ठेवली आहे.

आधी सरळ हिशेब करू. एक लिटर पाणी एका अंशाने थंड करायचे तर त्यातून एक किलोकॅलरी उष्णता बाहेर काढावी लागते. शून्य अंशाच्या पाण्याचा शून्य अंशाचा बर्फ व्हायला आणखी ८० किलोकॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे माठातल्या लिटरभर पाण्यासाठी फ्रीझरला २५ अधिक ८०, एकूण १०५ किलोकॅलरी उपसाव्या लागतात. टाकीतल्या पाण्यासाठी १२५, आणि नुकत्याच उकळून उतरवलेल्या ९५ अंशांच्या पाण्यासाठी १७५. शिवाय गरम पाण्याला थंड होताना कधी ना कधी २५ अंशांवरून जावेच लागणार. माठातले पाणी तर तिथूनच निघाले आहे. मग मागून येणारा पुढे कसा जाईल?

या युक्तिवादात एक गृहीत लपलेले आहे. गरम पाणी उतरत उतरत २५ अंशांवर आले, की ते माठातल्या पाण्यासारखेच झाले, असे आपण धरून चालतो. तापमान सारखे झाले, हे खरे. पण पाण्याचे वजन, त्यात विरघळलेले पदार्थ, भांड्यातले प्रवाह, भांड्याखालची फ्रीझरची जागा हे सगळे सारखे राहिले आहे का? या विषयावरचा सगळा वाद एवढ्या एका प्रश्नाभोवती फिरतो.

आधुनिक काळात हा वाद सुरू झाला तो आफ्रिकेत, आइसक्रीमवरून. १९६३ साली तेव्हाच्या टांगानिकातल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या मगांबा येथील शाळेत एरास्टो एम्पेम्बा नावाचा विद्यार्थी होता. तिथली मुले दूध उकळून, साखर घालून, ते निवल्यावर फ्रीझरमध्ये ठेवत आणि आइसक्रीम करत. एके दिवशी फ्रीझरमधली जागा संपत आली होती. एका मुलाने दूध न उकळताच ठेवले. जागा जाईल या भीतीने एम्पेम्बाने आपले उकळते दूध न निववता तसेच आत सरकवले. दीड तासाने पाहिले तर एम्पेम्बाचे दूध गोठले होते आणि दुसऱ्याचे नुसते दाटसर झाले होते. शिक्षकांना विचारले तर तुझा काहीतरी गोंधळ झाला असेल, असे उत्तर मिळाले. पुढच्या शाळेतल्या शिक्षकांनी तर हे एम्पेम्बाचे भौतिकशास्त्र आहे, जगाचे नव्हे, अशी थट्टा केली. पण त्या शाळेत व्याख्यानाला आलेले दार-ए-सलामचे प्राध्यापक डेनिस ऑस्बोर्न यांनी मुलाचा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत तो करून पाहिला आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावाने लेख प्रसिद्ध झाला. तेव्हापासून या प्रकाराला ‘एम्पेम्बा परिणाम’ म्हणतात.

त्याच वर्षी कॅनडातल्या जॉर्ज केल यांनी सर्वात सहज पटणारे कारण मांडले. ते म्हणजे बाष्पीभवन. उघड्या भांड्यातल्या गरम पाण्याची वाफ होते, पाणी कमी होते आणि जाताना वाफ भरपूर उष्णता घेऊन जाते. माठ थंड राहतो तो याच कारणाने. पुन्हा आकडे लावून पाहू. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ५७० किलोकॅलरी लागतात. ९५ अंशांचे लिटरभर पाणी केवळ वाफेच्या जोरावर शून्यापर्यंत उतरले असे मानले, तर सुमारे १५० मिलिलिटर पाणी उडून जाईल. उरलेल्या ८५० मिलिलिटरला गोठायला ८० ऐवजी ६८ किलोकॅलरीच काढाव्या लागतील. गोठण्याच्या टप्प्यात गरम पाण्याला मिळणारी सवलत ती एवढीच. आणि तीसुद्धा जास्तीत जास्त, कारण प्रत्यक्षात बरीचशी उष्णता भांड्याच्या बाजूंनी आणि तळातूनही जाते. ४५ अंशांच्या टाकीतल्या पाण्याला तर हा फायदा नाममात्रच. झाकण लावले की तोही संपतो.

दुसरे कारण फ्रीझरच्या आतले आहे. जुन्या एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाचा भुरभुरीत पांढरा थर साचतो. हा थर उष्णता अडवतो. गार पाण्याचे भांडे त्या थरावर तसेच बसून राहते. गरम पाण्याचे भांडे मात्र खालचा थर वितळवते, मग ते पाणी पुन्हा गोठते आणि भांडे थंड पत्र्याला घट्ट चिकटते. त्यानंतर त्याची उष्णता झपाट्याने जाते. एम्पेम्बाच्या फ्रीझरमध्ये असे झाले का, हे आता सांगता येणार नाही, पण घरगुती अनुभवांपैकी बऱ्याच गोष्टींचा उलगडा यातून होऊ शकतो. हा गुण पाण्याचा नाही, फ्रीझरच्या अस्वच्छतेचा आहे.

तिसरे कारण जड पाणी वापरणाऱ्यांच्या ओळखीचे आहे. असे पाणी रोज उकळले की भांड्याच्या तळाशी पांढरी खरवड धरते. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उकळल्यावर तळाशी बसतात. बर्फ तयार होताना विरघळलेले क्षार त्यात सामावले जात नाहीत, ते शेजारच्या पाण्यात ढकलले जातात आणि तिथल्या पाण्याचा गोठणबिंदू थोडा खाली जातो. उकळलेल्या पाण्यात हे क्षार कमी, म्हणून त्याला अडथळा कमी, असे अमेरिकेतले जोनाथन कॅट्झ यांचे म्हणणे. यात एक चांगली गोष्ट अशी, की हे तपासता येते. तेच पाणी उकळून, झाकून, पूर्ण निववून मग न उकळलेल्या पाण्याशेजारी गोठवायचे. कॅट्झ बरोबर असतील तर निवलेले पाणीही जिंकायला हवे.

यांपेक्षा महत्त्वाचे कारण वेगळेच आहे आणि ते समजायला शून्य अंशाविषयीची शाळेतली समजूत थोडी सैल करावी लागते. पाणी शून्याला गोठतेच असे नाही. बर्फाचा पहिला कण तयार व्हायला कशाचा तरी आधार लागतो. धुळीचा कण, भांड्यावरचा चरा, काहीही चालते. असा आधार मिळाला नाही तर पाणी शून्याखाली पाच, आठ, दहा अंशांपर्यंतही द्रवच राहते. याला अतिशीतन म्हणतात. फ्रीझरमध्ये राहिलेली पाण्याची बाटली बाहेर काढून टेबलावर आपटताच क्षणात बर्फाळ झालेली अनेकांनी पाहिली असेल. उणे आठ अंशांचे पाणी असे अचानक गोठू लागले, तर त्याचे तापमान उसळी घेऊन शून्यावर येते आणि साधारण दहावा हिस्सा लगेच बर्फ होतो. बाकीचा सावकाश.

आता दोन भांडी शेजारी ठेवा. माठातले पाणी शून्यावर आधी पोहोचते, पण गोठायला सुरुवात होत नाही म्हणून उणे सहा, उणे आठ असे उतरत राहते. गरम पाणी मागून येते आणि उणे दोनलाच त्यात बर्फाचा कण धरतो. बघणाऱ्याला दिसते ते एवढेच, की गरम पाणी जिंकले. अमेरिकेतले जेम्स ब्राउनरिज यांनी बंद नळ्यांमधले पाणी पुन:पुन्हा गोठवून पाहिले आणि २०११ मध्ये लिहिले, की गरम पाणी पुढे जाते ते गार पाण्याचे अतिशीतन जास्त झाले तरच. कोणत्या नळीतले पाणी किती अंशांवर गोठेल, हे त्या त्या नळीतल्या कणांवर अवलंबून असते. म्हणजे निकाल पाणी गरम होते की गार यावर कमी आणि कोणत्या भांड्यात होते यावर जास्त ठरतो.

‘गोठले’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्नही इथेच येतो. शून्याला पोहोचले ते, की वर पापुद्रा धरला ते, की तळापर्यंत दगड झाले ते? ब्रिटनमधले हेन्री बरिज आणि पॉल लिंडेन यांनी २०१६ मध्ये शून्यापर्यंत पोहोचण्याचा वेळ मोजला. त्यांना गरम पाणी पुढे गेल्याचा भरवशाचा पुरावा सापडला नाही. उलट तापमापक दोन भांड्यांत सेंटिमीटरभर वरखाली असला, तरी खोटा एम्पेम्बा परिणाम दिसू शकतो, असे त्यांनी दाखवले. २०१२ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने या कोड्याच्या उत्तरासाठी स्पर्धा ठेवली होती. २२ हजार उत्तरे आली, कोडे मात्र सुटले नाही. कारण बहुधा हे, की प्रत्येक जण वेगळ्याच शर्यतीचे उत्तर देत होता.

कॅनडात अविनाश कुमार आणि जॉन बेकहोफर यांनी २०२० मध्ये एका सूक्ष्म कणावर हा परिणाम निर्विवाद दाखवला, हे खरे. पण तिथे कणाचा प्रवास संशोधकांनी ठरवून आखला होता आणि बर्फ कुठेच नव्हता. ट्रेमधल्या पाण्याविषयी त्यावरून काही म्हणता येत नाही.

टाकीतले पाणी की माठातले, याचे उत्तर रोजच्या व्यवहारापुरते माठातले हेच. प्राथमिक आरोग्य केंद्रात याला जास्त वजन आहे. तिथे लसीकरणाच्या आदल्या दिवशी डीप फ्रीझरमध्ये पाण्याचे आइसपॅक गोठवायचे असतात. उन्हाळ्यात वीज जा-ये करते, तेव्हा गरम पाणी भरले तर लवकर गोठेल का, असा विचार कुणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण आइसपॅकचे झाकण घट्ट बंद असते, त्यामुळे वाफेचा फायदा मिळत नाही. उलट गरम पॅक शेजारच्या अर्धवट गोठलेल्या पॅकना उष्णता देतो आणि सगळ्यांनाच उशीर होतो.

अतिशीतन मात्र इथेही भेटते, आणि जास्त गंभीर रूपात. हिपॅटायटिस बी किंवा पेंटाव्हॅलंट लस गोठली की तिच्यातले अॅल्युमिनियमचे सूक्ष्म कण एकत्र येऊन गुठळ्या होतात आणि लस निकामी होते. फ्रीझरमधून काढलेला कडक आइसपॅक लगेच लसीशेजारी ठेवला तर कुपी शून्याखाली जाऊ शकते. म्हणूनच पॅक आधी बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज येईपर्यंत थांबतात. एकाच डब्यातल्या दोन कुप्यांपैकी एक गोठलेली आणि दुसरी द्रव निघू शकते. दुसरीही शून्याखाली असू शकते, फक्त तिच्यात बर्फाचा पहिला कण अजून धरलेला नसतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर लसवाहक पिशवीला बसलेला एक धक्का त्यासाठी पुरेसा असतो. कुपी गोठून पुन्हा वितळली असेल तर नुसते पाहून ते कळत नाही. तेव्हा मुद्दाम गोठवून वितळवलेल्या त्याच बॅचच्या कुपीशेजारी संशयित कुपी हलवून ठेवतात आणि कोणत्या कुपीतला साका लवकर खाली बसतो ते पाहतात. गोठवलेल्या कुपीइतक्याच वेगाने साका बसला, तर ती लस टाकून द्यावी लागते.