‘माझं पार्सल कुठे आलं?’

दिवाळीच्या सेलमध्ये ऑर्डरी घेऊन झाल्या की साड्या विकणाऱ्या छोट्या दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न येत राहतो: पार्सल कुठे आलं? प्रत्येकाला नव्याने लिहीत बसलं तर पॅकिंग कोण करणार? व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये त्यासाठी सोय आहे. उत्तर एकदा लिहून त्याला छोटं नाव द्यायचं. मग `/kuthe` टाइप करून ते निवडलं की अख्खं उत्तर लिहायच्या जागी येतं. अशी 50 उत्तरं साठवता येतात, पण खरी कामाची सात-आठच.

बहुतेकांचं ठेवणीतलं उत्तर असतं, ‘आपली ऑर्डर लवकरच पोहोचेल. धन्यवाद.’ याचा काडीचा उपयोग नाही. लवकर म्हणजे कधी? पाडव्याला बायकोला साडी द्यायची असलेला माणूस तासाभराने पुन्हा विचारणारच.

समजा, लातूरच्या गिऱ्हाइकाचं पार्सल ट्रॅकिंगवर शनिवारपासून भिवंडीतच दिसतंय. कुरिअरकडे तक्रार नोंदवायची आणि मग लिहायचं: ‘ताई, तुमचं पार्सल शनिवारपासून भिवंडीच्या गोदामात आहे. कुरिअरकडे आज तक्रार नोंदवली. काय झालं ते उद्या संध्याकाळी सहापर्यंत कळवते. मंगळवारपर्यंत तिथून हललं नाही, तर पैसे परत देऊ की सणानंतर पाठवलं तर चालेल, ते सांगा.’ यात सांगाडा तयार असतो. गाव, वार आणि वेळ मात्र दरवेळी हाताने भरायची. निवडलेलं उत्तर आपण पाठवेपर्यंत जात नाही, तेवढ्यात रिकाम्या जागा तपासून घ्याव्यात. आणि ‘सहापर्यंत’ म्हटलं की सहाच्या आत निरोप गेलाच पाहिजे, मग ‘अजून काही कळलं नाही’ एवढाच का असेना.

घात होतो तो शिळ्या उत्तराने. ‘आज ऑर्डर करा, दिवाळीआधी मिळेल’ हे वाक्य पुण्या-मुंबईसाठी खरं असतं, त्याच दिवशी गडचिरोलीसाठी खोटं ठरू शकतं. कुरिअर शेवटची तारीख पिनकोडनुसार देतं. म्हणून सेलच्या दिवसांत रोज सकाळी दुकान उघडलं की आधी ही उत्तरं वाचायची. स्टॉकचंही तेच. जांभळी संपली तर ‘जांभळी संपली, वांगी रंगात दोन आहेत, फोटो पाठवू का?’ असं लिहावं. माल येईल याची खात्री नसेल तर ‘उद्या येईल’ लिहूच नये.

परतीच्या उत्तरात अनेक जण ‘सेलचा माल परत घेतला जाणार नाही’ असं ठोकून देतात. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर विकणाऱ्याला ते चालत नाही. 2020च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष असेल, वर्णनाशी जुळत नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल, तर तो परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. उशीर पुरासारख्या आवाक्याबाहेरच्या कारणाने झाला असेल तेवढीच सूट. तेव्हा सेल सुरू होण्याआधी आपलं परतीचं उत्तर एकदा या नियमाशी ताडून पाहा.