मागच्या प्रश्नपत्रिकांतून वाक्प्रचार, म्हणी आणि अलंकार

मराठीच्या पेपरात वाक्प्रचार, म्हणी आणि अलंकार यांवरचे प्रश्न दोन तऱ्हांनी येतात. दहावीच्या परीक्षेत वाक्प्रचाराचा अर्थ लिहून त्याचा वाक्यात उपयोग करायचा असतो. लोकसेवा आयोगाच्या संयुक्त परीक्षा, तलाठी भरती, पोलीस भरती अशा स्पर्धा परीक्षांत मात्र चार पर्याय दिलेले असतात आणि त्यांतला एक निवडायचा असतो. आदल्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका या दुसऱ्या तऱ्हेच्या परीक्षेत विशेष कामाला येतात, कारण तिथे प्रश्नाबरोबर तीन चुकीची उत्तरेही छापलेली असतात. ती बहुधा उगीच जुळवलेली नसतात. विद्यार्थी कुठे घसरतो याचा अंदाज बांधून ती ठेवलेली असतात. म्हणून जुन्या प्रश्नाचे बरोबर उत्तर पाठ करून पुढे गेले, तर त्या प्रश्नातला पाव भागच हाती येतो. तोच प्रश्न तसाच्या तसा पुन्हा पडेल याचा भरवसा नाही, पण त्याचे चुकीचे पर्याय दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होऊन येऊ शकतात.

सुरुवात उत्तरतालिकेपासून करावी. आयोग परीक्षेनंतर आधी पहिली उत्तरतालिका काढतो, तिच्यावर हरकती मागवतो आणि मग अंतिम तालिका जाहीर करतो. या दोन तालिकांमध्ये काही उत्तरे बदलतात, काही प्रश्न रद्दही होतात. बाजारातल्या प्रश्नसंचात कोणती तालिका धरली आहे हे नेहमी कळत नाही. त्यामुळे संचातले उत्तर खटकले तर अंतिम तालिका पाहावी. तेवढ्याने भागले नाही तर मो. रा. वाळंबे यांचे ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ किंवा दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ उघडावा. चुकीचे उत्तर एकदा पक्के बसले की ते पुसायला नवे शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आता वाक्प्रचाराचा एक प्रश्न उलगडून पाहता येईल. जुन्या प्रश्नांच्या धर्तीवर असे विचारले आहे असे धरू: ‘कानावर हात ठेवणे’ म्हणजे काय? पर्याय आहेत ऐकण्याचे टाळणे, माहीत नसल्याचे दाखवणे, दुर्लक्ष करणे आणि पुन्हा तसे न करण्याचा निश्चय करणे. बरोबर उत्तर दुसरे. पहिला पर्याय शब्दशः अर्थातून आला आहे. कानावर हात ठेवला की ऐकू येत नाही, म्हणून तो खरा वाटतो. या विभागातला सर्वांत नेहमीचा सापळा हाच. उरलेले दोन पर्याय मात्र दुसऱ्या वाक्प्रचारांचे अर्थ आहेत: दुर्लक्ष करणे म्हणजे ‘कानाडोळा करणे’, आणि पुन्हा न करण्याचा निश्चय म्हणजे ‘कानाला खडा लावणे’. एका प्रश्नातून असे तीन वाक्प्रचार वहीत जातात. त्यांच्याच शेजारी ‘कान टवकारणे’, ‘कान भरणे’, ‘कान टोचणे’ आणि ‘हलक्या कानाचा असणे’ यांना जागा ठेवावी, कारण पुढच्या पेपरात पर्याय याच घरातून येण्याची शक्यता जास्त.

यावरून वहीची मांडणी ठरते. वर्षवार किंवा अकारविल्हे याद्या केल्या तर सारखे दिसणारे वाक्प्रचार एकमेकांपासून दूर पडतात आणि गोंधळ तसाच राहतो. कान, हात, तोंड, डोळा, नाक, पोट अशा मुख्य शब्दांखाली ते एकत्र लिहिले की फरक डोळ्यांसमोर येतो. ‘हात’ या पानावर ‘हात देणे’ म्हणजे मदत करणे, ‘हात टेकणे’ म्हणजे उपाय संपून हार मानणे, ‘हात आखडणे’ म्हणजे खर्च किंवा मदत कमी करणे आणि ‘हात हलवत परत येणे’ म्हणजे काम न होता येणे, हे एकाखाली एक दिसतात. पान दुसऱ्यांदा चाळताना उलट बाजूने जावे: अर्थ वाचावा आणि वाक्प्रचार आठवावा. ओळखता येणे सोपे असते, आठवणे अवघड. परीक्षेतही ‘पुढील अर्थाचा वाक्प्रचार निवडा’ असा उलटा प्रश्न येतो.

अर्थाने जवळ असलेल्या वाक्प्रचारांसाठी मात्र शब्दवार पान पुरत नाही. ‘हातावर तुरी देणे’ आणि ‘तोंडाला पाने पुसणे’ या दोन्हींचा अर्थ पुष्कळ वह्यांत ‘फसवणे’ एवढाच लिहिलेला असतो. पहिल्यात माणूस समोरच्याच्या डोळ्यांदेखत निसटून जातो. दुसऱ्यात आशा लावलेल्याला शेवटी काहीच मिळत नाही. चोर पोलिसांच्या हातावर तुरी देतो. बोनस कबूल करून ऐन दिवाळीत नाकारणारा मालक कामगारांच्या तोंडाला पाने पुसतो. अर्थ एका शब्दात न लिहिता असा एक प्रसंग जोडला, तर दोन पर्यायांत अडकलेले उत्तर सुटते.

प्रसंग लिहिताना वाक्प्रचार कोणत्या विभक्तीने वा शब्दयोगी अव्ययाने जोडला जातो तेही नोंदवावे. ‘त्याने चुकांना कानाडोळा केला’ हे अशुद्ध, ‘चुकांकडे कानाडोळा केला’ हे शुद्ध. कुणाचे कान भरले जातात, कुणाच्या तोंडाला पाने पुसली जातात. दहावीच्या उत्तरपत्रिकेत अर्थ बरोबर आणि वाक्य चुकीचे असे होते, ते बहुतेक वेळा या जोडणीमुळे. दुसरी चूक अशी की वाक्यात वाक्प्रचाराबरोबर त्याचा अर्थही घातला जातो. ‘उशिरा येण्याबद्दल बोलणी खाल्ल्यावर रमेशने कानाला खडा लावला’ एवढे पुरते. पुढे ‘आणि पुन्हा उशीर न करण्याचा निश्चय केला’ जोडले की तीच गोष्ट दोनदा सांगितली जाते.

म्हणींचे प्रश्न वेगळ्या ठिकाणी अडतात. अर्धी म्हण पूर्ण करा हा प्रश्न पाठांतराने सुटतो, त्यावर फार वेळ घालवू नये. अवघड प्रश्न दोन: दिलेल्या प्रसंगाला लागू पडणारी म्हण निवडा, आणि समान अर्थाची म्हण ओळखा. दोन्हींत म्हणीतली नेमकी परिस्थिती कळावी लागते. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ आणि ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ या दोन्ही म्हणी स्वतःचे अपयश झाकणाऱ्या माणसाला लागतात, पण पहिलीत तो दोष साधनाला किंवा परिस्थितीला देतो आणि दुसरीत न मिळालेल्या वस्तूलाच नावे ठेवतो. पेन चांगले नव्हते म्हणून अक्षर बिघडले असे म्हणणारा पहिल्या म्हणीत बसतो. बढती हुकल्यावर त्या पदात तसेही काही नव्हते असे म्हणणारा दुसरीत. ‘आगीतून फुफाट्यात’ आणि ‘इकडे आड तिकडे विहीर’ यांचेही तसेच. पहिलीत माणूस एका संकटातून सुटून दुसऱ्यात पडलेला असतो, दुसरीत तो अजून कुठेच गेलेला नाही, पण दोन्ही वाटा संकटाच्याच आहेत. प्रसंगातली क्रियापदे पाहिली की कोणती म्हण हवी ते कळते.

काही म्हणी जुन्या शब्दामुळे चुकतात. ‘बैल गेला आणि झोपा केला’ यातला झोपा झोपेशी जोडला की आळसाचा पर्याय बरोबर वाटू लागतो. झोपा म्हणजे गोठ्याचे काट्याकुट्यांचे दार. बैल गेल्यावर ते बसवून उपयोग नाही, म्हणून ‘वरातीमागून घोडे’ ही त्याच अर्थाची म्हण. ‘दुष्काळात तेरावा महिना’ या म्हणीत अधिक महिन्याचा संदर्भ आहे. चांद्र पंचांगात साधारण 32-33 महिन्यांनी एक महिना वाढतो, आणि दुष्काळी वर्षात तो आला तर टंचाईचे दिवस तेवढेच लांबतात. संकटात संकट हा अर्थ मग वेगळा पाठ करावा लागत नाही. ज्या म्हणी प्रश्नपत्रिका सोडवताना चुकल्या, त्यांच्यापुरतीच ही खोदाई करावी. सगळ्या म्हणींची करायला वेळ नसतो.

अलंकारांत ओळ नवी येते, त्यामुळे उदाहरणांचे पाठांतर फारसे टिकत नाही. जुने प्रश्न चाळताना उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अपन्हुती, व्यतिरेक असे अर्थालंकार एकमेकांचे पर्याय म्हणून वारंवार भेटतात. ते एकाच कल्पनेवर लावून पाहिले तर वेगळे होतात. मुख हे उपमेय आणि चंद्र हे उपमान. मुख चंद्रासारखे आहे, ही उपमा. मुख जणू चंद्रच, ही उत्प्रेक्षा. मुखचंद्र म्हणून दोन्ही एकरूप केले की रूपक. हे मुख नव्हे, चंद्रच आहे, असे उपमेय नाकारले की अपन्हुती. चंद्राहून मुख सुंदर म्हटले की व्यतिरेक. तिच्या मुखासारखे तिचेच मुख म्हटले की अनन्वय. मुख की चंद्र असा प्रश्न पडला तर ससंदेह, आणि चकोर चंद्र समजून मुखाकडे झेपावला तर भ्रांतिमान. उपमेय राहिले, बदलले, नाकारले की वरचढ ठरले, एवढे प्रत्येक ओळीत आधी पाहावे.

विद्यार्थी मात्र ‘सारखा, सम, परी’ दिसले की उपमा आणि ‘जणू, वाटे, गमे, की’ दिसले की उत्प्रेक्षा असे ठोकळ ठरवून टाकतात. बहुतेक वेळा ते जुळते, पण ‘की’ फसवते. तो उत्प्रेक्षेतही येतो आणि ससंदेहातही. बोलणारा कल्पना मांडतो आहे की खरोखर निर्णय करू शकत नाही, हे अर्थावरून ठरवावे लागते.

दृष्टान्त आणि अर्थान्तरन्यास यांत सर्वाधिक गुण जातात. ‘एका शिकलेल्या मुलीने सारे घर बदलले, एका पणतीने अंधारी खोली उजळते’ यात एका विशेष गोष्टीशेजारी तिच्यासारखीच दुसरी गोष्ट ठेवली आहे, म्हणून हा दृष्टान्त. ‘स्वतः उपाशी असून तिने शेजारच्या पोराला वाढले, थोरांची रीतच तशी’ यात एका माणसाच्या कृतीवरून सर्वांना लागू पडणारा नियम सांगितला आहे, म्हणून हा अर्थान्तरन्यास. दुसरा भाग चित्र आहे की नियम, हे विचारले की उत्तर मिळते. कवितेत प्रसंगानंतर म्हणीसारखे विधान आले असेल, तर अर्थान्तरन्यासाचा पर्याय आधी तपासावा. एका प्रश्नात हे दोन अलंकार शेजारी आले आणि उत्तर चुकले, तर दोन्ही व्याख्या पुन्हा वाचण्याऐवजी त्याच ओळीचा दुसरा भाग बदलून लिहावा: नियमाच्या जागी चित्र घालावे आणि अलंकार बदलतो का ते पाहावे.