बाळाचं वजन वाढतंय, पण आईचं काय?

रायपूरच्या तात्यापारा भागातल्या मराठी घरांत बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू होतात, आजूबाजूच्या छत्तीसगढी घरांत छठीला कांके पाणी. कौतुकाचे हे दिवस सरले की जेवण मात्र घरकामाच्या घाईत आक्रसत जातं. बाळाचं वजन वाढत असतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. दूध सहसा कमी होत नाही. ते आईच्या अंगातल्या साठ्यातून तयार होत राहतं. म्हणूनच तपासणी आईचीच करावी लागते.

समजा, बाळ तीन महिन्यांचं आहे आणि आई दिवसभर थकलेली असते. ‘नीट जेवता का?’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’ येतं. त्याऐवजी काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं, हे वाटी-चमच्याच्या मापानं विचारावं. सकाळी चहा आणि चार बिस्किटं, दुपारी ताटभर भात, पातळ वरण, संध्याकाळी पुन्हा चहा आणि एक लाडू, रात्री दोन पोळ्या-भाजी. हिशेब अकराशे कॅलरींच्या आसपास जातो. बैठं काम करणाऱ्या स्त्रीला १६६० कॅलरी लागतात आणि पहिले सहा महिने अंगावर पाजताना आणखी ६००. म्हणजे निम्मं अन्न कमी. एका दिवसावर निकाल देऊ नये. आणखी एक-दोन दिवसांची विचारपूस करावी, वजन घ्यावं, दंडाचा घेर मोजावा. घेर २३ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर कुपोषणाची शंका पक्की होते.

लोहाचं गणित वेगळं. पाळी थांबलेली असल्यानं रोजची गरज २३ मिलिग्रॅमवर येते, पाळी चालू असताना ती २९ असते. पण बाळंतपणातल्या रक्तस्रावाची तूट मागे राहिलेली असते, म्हणून सरकारी कार्यक्रमात १८० दिवस रोज लोहाची गोळी देतात. ती चहासोबत घेतली तर बरंचसं लोह वाया जातं. गोळी नियमित घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर छत्तीसगढमध्ये सिकल सेलची तपासणी आधी करायला हवी. तिथे हा आजार बराच आढळतो आणि नुसतं लोह वाढवून तो आटोक्यात येत नाही.

कॅल्शियमची कमतरता रक्तात दिसत नाही, कारण हाडं ती भरून काढतात. गरज १२०० मिलिग्रॅमची. मोठा पेलाभर दूध तीनशेच्या आसपास देतं, वरच्या चहातलं चमचाभर दूध जवळजवळ काहीच नाही. गोळ्या असतील तर जेवणासोबत घ्याव्यात, लोहाच्या गोळीपासून दोन तास दूर.

पाण्याबाबत घरोघरी टोकाचे समज असतात: कुठे सासूबाई पाणी तोडतात, कुठे दूध वाढावं म्हणून तांबेच्या तांबे पाजतात. जास्त पाण्यानं दूध वाढत नाही. तहान भागेल इतकं प्यावं आणि लघवी गडद पिवळी होऊ लागली तर वाढवावं. मे महिन्यात रायपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा पाजण्याच्या जागी भरलेला तांब्या ठेवणं आवश्यकच.

या आईला आधी दोन जेवणांच्या मध्ये भाकरी-उसळ किंवा पोहे-शेंगदाणे असं जास्तीचं खाणं द्यावं. दोन आठवड्यांनी पुन्हा वजन घ्यावं. उतरतच असेल, तर थायरॉइड तपासावं आणि मनाची उदासीही विचारावी, कारण भूक मेलेली असण्यामागे तीही असू शकते.