पाकिटावरचं तिकीट

जुन्या मराठी मासिकांत मागच्या पानांवर कुठेतरी बारीक टायपात एक निवेदन असायचं. मजकूर कागदाच्या एकाच बाजूला लिहावा, समास सोडावा, स्थळप्रत स्वतःजवळ ठेवावी, आणि नापसंत साहित्य परत हवं असेल तर पुरेशी तिकिटं लावलेलं पाकीट सोबत जोडावं. माझ्या वडिलांना हे सगळं संपादकांचं तऱ्हेवाईकपण वाटे. पण खिळे जुळवणाऱ्याला पाठपोट लिहिलेल्या पानाचा त्रास होई, म्हणून एक बाजू. आणि परतीच्या पाकिटामुळे टपालाचा खर्च वाचे तो वाचेच, शिवाय आणखी एक काम होई. एकच कविता बारा ठिकाणी धाडणाऱ्याला बारा पाकिटं आणि दुप्पट तिकिटं घ्यावी लागत. पाठवण्याआधी माणूस दोनदा विचार करी.

ईमेल आलं आणि हे तिकीट गेलं. आता एक लेख बारा ठिकाणी पाठवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यातच तो बाराशे ठिकाणी जातो. गच्चीवरच्या बागेवरची माझी छोटीशी मराठी साइट आहे. ती चालवायला लागले तेव्हा मला हे माहीत नव्हतं. बाहेरच्यांनीही लिहावं म्हणून मी हौसेने एक पान टाकलं. ‘दर्जेदार, स्वतंत्र आणि वाचकांना उपयोगी पडेल असं लेखन पाठवा.’ त्या वाक्याने आजवर एकालाही अडवलेलं नाही. अडवणार कसं? आपलं लेखन दर्जेदार नाही असं कुणाला वाटतं?

पत्रं आली, आणि जवळजवळ सगळी सारखीच. ‘तुमच्या अप्रतिम साइटचा मी नियमित वाचक आहे. तुमच्या वाचकांसाठी एक उत्तम लेख विनामूल्य देऊ इच्छितो.’ तीन दिवसांनी स्मरणपत्र, आठवड्याने दुसरं. एकाचा लेख मी मागवला. भाषा मराठी होती, पण शेवटचं दव गोठून गेल्यावर रोपं बाहेर लावा आणि बर्फ पडायच्या आत कुंड्या घरात घ्या, असा सल्ला होता. मी पुण्यात राहते. तिसऱ्या परिच्छेदात मात्र कुठल्याशा दुकानाच्या बागकामाच्या अवजारांकडे नेणारी एक लिंक मजेत बसली होती.

ती लिंक हाच खरा लेख. बाकी सगळं तिचं वेष्टन.

यामागचं कारण जुनं आहे. 1998 साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी शोधयंत्राची जी पद्धत मांडली, तिच्यात एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे त्याच्या बाजूने पडलेलं मत धरलं होतं. भारदस्त पानाचं मत जास्त वजनदार. मत मोलाचं ठरलं की मतांचा बाजार भरतोच. पाहुणा म्हणून लेख द्यायचा आणि त्यात आपलं मत पेरून जायचं, हा त्यातला सभ्य दिसणारा मार्ग. तो इतका बोकाळला की जानेवारी 2014 मध्ये गूगलच्या स्पॅमविरोधी पथकाचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी लिंक मिळवण्यासाठी पाहुणे लेख लिहिण्याचे दिवस संपले, असं जाहीरच लिहून टाकलं. 2017 च्या मे महिन्यात गूगलने घाऊक लेखमोहिमांबद्दल पुन्हा इशारा दिला. अशा लिंका छापणाऱ्या साइटलाही त्याची झळ बसू शकते. म्हणजे चुकीचा लेख घेतला तर वाचक नाराज होतोच, शोधातला आपला क्रमांकही घसरू शकतो.

माझी दुसरी चूक आणखी गमतीची होती. पानाच्या माथ्यावर मी मराठीखाली इंग्रजीतही `write for us` असं लिहिलं होतं. बरं दिसतं म्हणून. लिंका गोळा करणारे लोक शोधखिडकीत नेमकं हेच टाकतात, हे मला एका ओळखीच्या मुलीने सांगितलं. ती पूर्वी असल्या कंपनीत काम करायची.

```
gardening "write for us"
```

अवतरणचिन्हांमुळे ते तीन शब्द जसेच्या तसे असलेली पानं समोर येतात. त्यांची यादी करायची, पत्ते उचलायचे आणि एकच मजकूर सगळ्यांना सोडायचा. म्हणजे नकोशांना अडवायला लावलेली पाटी वाचूनच नकोसे येत होते. ती इंग्रजी ओळ मी काढली, पानाचं नाव ‘तुमच्या बागेबद्दल सांगा’ केलं आणि ईमेलचा उघडा पत्ता काढून फॉर्म ठेवला. एवढ्यानेच आवक पुष्कळ ओसरली. बाकीचं काम नियमांना करावं लागलं.

नियम लिहिताना मी वडिलांच्या पाकिटापासून सुरुवात केली. खऱ्या बागवाल्याला ज्याला पाच मिनिटं लागतील आणि घाऊक पाठवणाऱ्याला मात्र प्रत्येक साइटसाठी वेगळं बसावं लागेल, असं काय मागता येईल? आणखी एक अट: नियम पाळला की नाही हे मला लेख न वाचता कळलं पाहिजे. ‘दर्जेदार’ तपासायला पूर्ण लेख वाचावा लागतो. ‘विषयाच्या ओळीत तुमचं गाव आणि कुंडीचं माप लिहा’ हे तपासायला एक नजर पुरते.

म्हणून पहिला नियम तोच ठेवला. दुसरा नियम असा, की पूर्ण लेख पाठवू नका, पाच-सहा ओळी पाठवा: काय लावलं, कधी लावलं, काय बिघडलं. यातला ‘काय बिघडलं’ हा शब्दप्रयोग सगळ्यांत कामाचा निघाला. घाऊक लेखांत काही बिघडतच नसतं. त्यात बागेचे दहा फायदे असतात, आणि दहाही खरे असतात. ज्याने हाताने माती कालवली आहे, त्याच्याकडे मेलेल्या रोपाची एखादी तरी गोष्ट असते. तिसरी मागणी म्हणजे कुंडीसकट स्वतः काढलेला फोटो. कुठूनतरी उचललेला फोटो असला, तर चित्रावरून शोध घेतल्यावर तो बहुधा दुसऱ्या चार ठिकाणी सापडतो.

लिंकबद्दल मात्र तपासण्यापेक्षा आधी सांगून टाकणं जास्त उपयोगी पडलं. पानावर स्पष्ट लिहिलं: लेखात फक्त माहितीच्या आधारासाठी लिंक राहील, ती ठेवायची की नाही ते मी ठरवीन. लेखकाच्या परिचयात एक लिंक चालेल, पण ती अशी असेल.

```
<a href="https://example.com" rel="nofollow">माझी बाग</a>
```

`nofollow` ही खूण 2005 साली आली. ‘ही लिंक माझं मत म्हणून मोजू नका’ असं ती शोधयंत्राला सांगते. पैसे घेऊन दिलेल्या लिंकसाठी 2019 पासून `sponsored` अशी वेगळी खूण आहे. मी पैसे घेत नाही, तेही लिहून टाकलं. वाचकाला या खुणेने काहीच फरक पडत नाही, बोट लावलं की लिंक उघडतेच. फरक पडतो तो ज्याला मतच हवं होतं त्याला. हे वाक्य वाचून किती जण परत गेले ते मला कळणार नाही, कारण परत जाणारे कळवत नाहीत.

एकाच आठवड्यात आलेली दोन पत्रं सांगते. पहिल्याची विषयाची ओळ ‘पाहुणा लेख देण्याबाबत’. गाव नाही, माप नाही. आत तीन तयार शीर्षकं, त्यातलं एक ‘तुमच्या बाल्कनीला नवसंजीवनी द्या’. परिचयाच्या फोटोतला माणूस अगदी देखणा. तोच दुसऱ्या एका साइटवर वेगळ्या नावाने दंतवैद्य होता. हे पत्र बाजूला ठेवायला अर्धा मिनिटही लागला नाही, आणि दंतवैद्याचा शोध मी निव्वळ चोंबडेपणाने घेतला, गरज नव्हती.

दुसऱ्याची ओळ होती ‘मिरज, 20 लिटर’. रंगाच्या रिकाम्या डब्यात टोमॅटो लावले होते. तळाला चार भोकं पाडली होती. जुलैत माती ओली असूनही पानं माना टाकायला लागली, म्हणून त्यांनी आणखी पाणी घातलं आणि रोप गेलं. डबा उचलला तेव्हा कळलं: सपाट तळ गच्चीच्या लादीला चिकटून बसला होता, भोकं पाडून नपाडल्यासारखी झाली होती, मुळं कुजली होती. पुढच्या डब्याला त्यांनी भोकं बाजूने, तळापासून इंचभर वर पाडली आणि तो दोन विटांवर ठेवला. शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच होत्या. त्या मी दुरुस्त केल्या. लादीला चिकटलेली भोकं मला सुचली नसती.

नियमांनी न अडणारा एक प्रकार राहतोच. लेख चांगला असतो, लिंकही निरुपद्रवी असते. छापून काही महिने गेले की त्या लिंकच्या मागचं पानच बदलतं. माझ्याकडे खतांच्या माहितीचं एक पान असं ऑनलाइन जुगाराकडे वळलं होतं आणि एका वाचकाने कळवेपर्यंत मला पत्ता नव्हता. आता पानावर एक ओळ आहे, की छापल्यावर लिंक बदलून मिळणार नाही आणि पलीकडचं पान बदललं तर ती न विचारता काढली जाईल. आणि दर तीन महिन्यांनी जुन्या लिंका उघडून बघायच्या, याला दुसरा इलाज सापडलेला नाही. एखाद्या पाहुण्याने महिन्याभराने ‘फक्त एक शब्द बदलायचा होता’ असं लिहिलं, की मी आधी तो शब्द लिंकवरचा आहे का ते बघते.

चाळणी जास्त बारीक केली की काय होतं, तेही मला कळलं. पूर्वी फॉर्ममध्ये आणखी एक प्रश्न होता: आमच्या कोणत्या लेखातलं तुम्हाला काय पटलं नाही? साइट न वाचता याचं उत्तर देता येत नाही, म्हणून मी स्वतःवर फार खूश होते. एकदा नाशिकच्या एका बाईंचा अर्धवट भरलेला फॉर्म आला. त्या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘ताई, तुमच्याबद्दल वाईट कसं लिहू?’ आणि पुढचे रकाने कोरे. घाऊक पत्रं लिहिणाऱ्याला असला संकोच कधीच पडला नसता. त्याने कुठलासा लेख उघडून काहीतरी खोट काढली असती.

प्रश्न बदलला. आता तिथे असं आहे: आमचा कोणता लेख वाचून तुम्ही काही करून पाहिलंत, आणि काय झालं? खाली एक ओळ वाढवली, की लिहायला जमत नसेल तर फोन नंबर द्या, मी विचारून लिहून घेईन. बाईंना तसं कळवलं. त्यांनी माझ्याच लेखावरून कढीपत्ता बहुतांश कोकोपीटमध्ये लावला होता आणि पानं पिवळी पडत चालली होती. कोकोपीटमध्ये झाडाला लागणारं अन्न जवळजवळ नसतं, वरून खत देत राहावं लागतं. माझ्या लेखात ते लिहायचं राहून गेलं होतं. त्यांनी निम्मी माती आणि शेणखत मिसळून कुंडी पुन्हा भरली. आधी माझा लेख दुरुस्त केला, मग त्यांचा छापला. त्यांच्या परिचयात लिंक नाही. द्यायला त्यांच्याकडे साइट नव्हती.