पंख्याचा ‘हूंऽऽ’ आणि ६० रुपयांचा कंडेन्सर

डोंबिवलीला आत्याच्या घरी हॉलच्या कोपऱ्यात झाडूचा एक जुना दांडा कायम उभा असायचा. पंख्याचं बटण दाबलं की पंखा नुसता ‘हूंऽऽ’ करत जागच्या जागी थरथरायचा. मग आत्या तो दांडा उचलून एका पात्याला हलकेच ढकलायची, आणि पंखा रेंगाळत सुरू व्हायचा. सुरू झाला तरी खाली बसलेल्याच्या कपाळावरचा घाम काही वाळत नसे. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, महिना मे. मी गेलो त्याच्या आदल्याच आठवड्यात एका मिस्तरीने खालूनच बघून सांगितलं होतं, “वायंडिंग जळलंय, नवाच घ्या.”

मी आत्याला एवढंच विचारलं, “हे अचानक झालं की हळूहळू?”

“हळूहळूच रे. दिवाळीत वारा कमी लागायला लागला. मग संक्रांतीच्या सुमाराला सुरू व्हायला वेळ लावायला लागला. दांडा आत्ता शिमग्यापासून.”

निम्मं निदान या उत्तरातच होतं. जळालेलं वायंडिंग सहा-सहा महिने असं रेंगाळत नाही. ते जळतं तेव्हा करपट वास येतो, मोटर हात लावणार नाही इतकी तापते, कधी एमसीबी पडतो, आणि पंखा बंद होतो. महिन्या-महिन्याने थकत जाणारा पंखा मात्र बहुतेक वेळा कपॅसिटरकडे बोट दाखवतो. आपले मिस्तरी त्याला कंडेन्सर म्हणतात. आगपेटीपेक्षा थोडी मोठी, काळी किंवा पांढरी डबी, दोन वायरी बाहेर आलेल्या.

या डबीचं काम समजायला घरातलं जातं आठवावं. खुंटा धरून नुसता सरळ पुढे-मागे ओढला तर जातं हिसके खातं, फिरत नाही. फिरायला त्या ओढीला बाजूने, योग्य क्षणी, आणखी एक जोर लागतो. घरात येणारी सिंगल फेज वीज अशीच पुढे-मागे ओढणारी आहे. तिच्यातून तयार होणारं चुंबकीय बळ एकाच रेषेत वरखाली होतं, गोल फिरत नाही. म्हणून पंख्याच्या मोटरमध्ये वायंडिंगचे दोन संच असतात, आणि दुसऱ्या संचाच्या वाटेत कपॅसिटर बसवलेला असतो. तो त्या संचातला प्रवाह पहिल्याच्या जरा आधी पोचवतो. हाच तो बाजूचा जोर. जातं एकदा फिरायला लागलं की नुसत्या पुढे-मागे ओढीवरही कसंबसं चालू राहतं. आत्याच्या दांड्याने नेमकं तेच होत होतं.

वेग का कमी होतो, हेही यातच आलं. आपल्या पंख्यात कपॅसिटर फक्त सुरू करून देऊन बाजूला होत नाही, पंखा चालू असेपर्यंत तो कामावर असतो. तो अर्धा झाला की दुसऱ्या वायंडिंगचा जोर ओसरतो, आणि हवा कापायला मोटर पुरी पडत नाही.

कपॅसिटर थकतो कसा, तेही पाहण्यासारखं आहे. डबीच्या आत प्लॅस्टिकची अतिशय पातळ पट्टी गुंडाळलेली असते आणि तिच्यावर धातूचा त्याहून पातळ मुलामा असतो. विजेचा झटका आला, वीज गेली-आली, की कुठेतरी सुईच्या टोकाएवढी जागा भाजते. तिथला धातू उडून जातो आणि दोष आपोआप बंद होतो. ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे, नाहीतर पहिल्याच झटक्यात डबी कायमची गेली असती. पण दर वेळी मुलाम्याचा एक ठिपका कमी होतो. तापलेल्या स्लॅबखाली अशी वर्षं गेली की हजारो ठिपके उडालेले असतात, आणि डबी बाहेरून कोरी करकरीत दिसत असली तरी आतून निम्मी झालेली असते. फुगलेली किंवा चिरलेली डबी तर सरळ बदलायचीच, पण न फुगलेली डबी चांगली आहे असं समजू नये.

वर चढण्याआधी खालून दोन गोष्टी बघितल्या. घरातले बाकीचे पंखे नीट चालत होते, म्हणजे व्होल्टेज कमी नव्हतं. मग बटण बंद करून, स्टुलावर उभं राहून हॉलच्या पंख्याचं पातं हाताने फिरवलं. पंखा मोकळा, आवाज न करता बराच वेळ फिरत राहिला. बेअरिंग खराब असतं तर खरखर झाली असती आणि दोन फेऱ्यांत तो अडला असता. आणखी एक खूण इथे सांगून ठेवतो. कपॅसिटर पूर्ण मेला असेल तर पंखा बंद असताना पाती उलट्या दिशेने फिरवून द्यायची, बाजूला व्हायचं आणि मग बटण लावायचं. पंखा उलटाच फिरत राहिला तर शंकाच उरत नाही. फक्त चालू पंख्याच्या पात्यांशी हाताने किंवा दांड्याने खेळू नये. आणि नुसता ‘हूं’ करत अडलेला पंखा चालू ठेवून कामाला लागू नये. अडलेल्या मोटरमध्ये प्रवाह वाढतो, थंड व्हायला वाराही नसतो, आणि तेव्हा चांगलं वायंडिंग खरोखरच जळतं.

नेमका वेग कळावा म्हणून एका पात्याला कागदाची पट्टी चिकटवली, पंखा पाचावर ठेवून मोबाइलवर १० सेकंदांचं स्लो मोशन चित्रण केलं आणि फेरे मोजले. ३५ भरले, म्हणजे मिनिटाला २१०. ४८ इंची साध्या पंख्याने पूर्ण वेगात साडेतीनशे ते चारशे फेरे घ्यायला हवेत.

मग कपॅसिटर काढला. यासाठी नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. जुन्या घरांत कधी कधी बटण न्यूट्रलवर टाकलेलं असतं आणि पंख्यापर्यंत करंट तसाच येत असतो. त्यामुळे एमसीबी पाडायचा, वर चढून टेस्टरने पुन्हा खात्री करायची. शिडी पक्की हवी, टेबलावर स्टूल नको. हे जमणार नसेल तर वायरमनला बोलवावं, फक्त काय करायचं ते आपल्याला ठाऊक असावं. बहुतेक पंख्यांत डबी वरच्या किंवा खालच्या कपाच्या, म्हणजे कॅनोपीच्या आत असते. वायरी सोडण्याआधी फोटो काढला, कारण रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. मग लाकडी मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने डबीची दोन टोकं एकमेकांना टेकवली. एखादी वायर तुटलेली असेल तर बंद पंख्याच्या डबीतही झटका देण्याइतका चार्ज शिल्लक राहू शकतो.

डबीवर छापलं होतं २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट. मल्टिमीटरने दाखवलं ०.९. छापील आकड्यात पाच टक्के इकडेतिकडे चालतं. दोनाच्या खाली गेलेली डबी मी ठेवत नाही. मल्टिमीटर नसला तरी अडत नाही, कारण नवी डबी लावून बघणं मापण्यापेक्षा स्वस्त पडतं. स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात ती ६० रुपयांना मिळाली.

दुकानदाराने मात्र काउंटरवर ३.१५ची डबी ठेवली होती. “ही लावा, जास्त पळेल.” हा सल्ला इतक्या ठिकाणी दिला जातो की मला त्याची चीड येते. कपॅसिटर मोठा केला की दुसऱ्या वायंडिंगमधून ठरल्यापेक्षा जास्त प्रवाह जातो. वेग थोडा वाढल्यासारखा वाटतो, पण मोटर गुणगुणायला लागते, तापते आणि एक-दोन उन्हाळ्यांत तिचा इनॅमल करपतो. मग सगळे म्हणतात, पंखाच भिकार होता. जुन्या डबीवर जो आकडा असेल तोच आणावा. काही पंख्यांना कंपनीकडूनच ३.१५ असतो, त्यांना तोच. व्होल्टही ४४०च हवेत. घरात २३० व्होल्ट असले तरी वायंडिंगशी जोडलेल्या कपॅसिटरवर चालू पंख्यात त्याहून बराच जास्त दाब येतो. २५०ची स्वस्त डबी त्या दाबाखाली लवकर मरते.

नवी डबी जोडली, तिच्यावर मार्करने महिना आणि वर्ष लिहिलं, कप वर चढवला. चढलोच होतो, म्हणून पंखा लटकतो त्या बोल्टची स्प्लिट पिन जागेवर आहे ना तेही पाहिलं. बटण दाबल्यावर पंखा दांड्याशिवाय निघाला. १० सेकंदांत ६० फेरे, मिनिटाला ३६०. टेबलावरचं वर्तमानपत्र उडालं आणि आत्याने त्यावर अडकित्ता ठेवला.

डबी बदलूनही सुधारणा झाली नाही, तर रेग्युलेटरकडे वळावं. हल्लीच्या टप्प्यांच्या रेग्युलेटरमध्येही असेच छोटे कपॅसिटर असतात आणि तेही थकतात. त्याची खूण सोपी आहे. पाचावर पंखा ठणठणीत आणि दोन-तीनवर मात्र अगदीच मरगळलेला, तर दोष भिंतीत आहे, छतात नाही. आणि गोल नॉबचा रेग्युलेटर असेल, मधल्या वेगात गुणगुण आणि पूर्ण वेगात शांतता असेल, तर तो आवाज रेग्युलेटर वीज तोडून-तोडून सोडतो त्याचा आहे.

दुरुस्ती की नवा, हा प्रश्न मग कुठे उरतो? नुसत्या कपॅसिटरसाठी पंखा काढणं मला पटत नाही. बेअरिंगची जोडीही बदलून घेण्यासारखी असते. वायंडिंग गेलं की मात्र हिशेब बदलतो. रिवायंडिंगला पाच-सातशे रुपये लागतात, कुठे कुठे तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार भरली जाते, आणि एवढं करून पंखा पूर्वीइतकीच, म्हणजे साधारण ७५ वॉट वीज खाणार. तेवढाच वारा देणारा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास चालतो. १ जानेवारी २०२३ पासून सीलिंग फॅनवर स्टार लेबल सक्तीचं आहे, त्यामुळे दुकानात तुलना करता येते.

पण फरक वापरावर ठरतो. आत्याचा हॉलचा पंखा दिवसाला १२ तास चालतो. ४५ वॉटची बचत धरली तर वर्षातल्या ३०० दिवसांत १६२ युनिट वाचतील. युनिट ८ रुपये धरलं तर जवळपास १,३०० रुपये. ३,००० रुपयांचा पंखा सव्वादोन वर्षांत फिटतो. तोच हिशेब दिवसाला चार तास चालणाऱ्या आतल्या खोलीला लावला तर सात वर्षं लागतात. शिवाय बीएलडीसीच्या आत इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो, त्यात ही डबी नसते. तो बिघडला की कोपऱ्यावरच्या दुकानात इलाज नाही, कंपनीच्या माणसाची वाट बघायची. म्हणून वॉरंटी किती वर्षांची आणि आपल्या गावात सर्व्हिस आहे का, हे आधी विचारावं.

आत्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग स्वयंपाकघरातला बघ. त्याला वास येतो.” तो बघितला. मोटर हात लावू देत नव्हती, कपॅसिटर मीटरवर व्यवस्थित २.४ दाखवत होता, कपाच्या आत वायरींची टोकं काळी पडली होती. तिथे मात्र मीच नवा घ्यायला सांगितला. स्वयंपाकघरात ती दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नसते, म्हणून साधाच.