बँक बदलली, हे ग्राहकाला पटणार कसे?

२०१५ साली ओएनजीसीच्या तक्रारीवरून मुंबई पोलिसांकडे एक गुन्हा दाखल झाला. सौदी अरेबियातल्या अरामको कंपनीला नाफ्ता पाठवला गेला होता, माल पोहोचलाही होता, पण पैसे काही येईनात. विचारणा केली तेव्हा कळले की अरामकोने पैसे कधीच पाठवले आहेत, फक्त ते ‘बदललेल्या’ खात्यात गेले आहेत. खाते बदलल्याची ईमेल ओएनजीसीने पाठवलेलीच नव्हती. खऱ्या पत्त्याच्या शेवटी ongc.co.in होते आणि भामट्यांच्या पत्त्याच्या शेवटी ognc.co.in. दोन अक्षरांची अदलाबदल, एवढाच फरक. नुकसानीचा आकडा तेव्हाच्या बातम्यांत १९७ कोटी रुपये असा आला होता.

त्याच सुमारास लिथुआनियाचा एव्हाल्दास रिमासाउस्कस हा माणूस क्वांटा या तैवानी पुरवठादार कंपनीचे सोंग घेऊन गूगल आणि फेसबुककडून पैसे उकळत होता. २०१३ ते २०१५ या काळात त्याने खोटी बिले आणि खोटे करारनामे वापरून १२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम आपल्या खात्यांकडे वळवली. २०१९ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा ठोठावली.

अशा प्रकरणांमुळे अकाउंट्स विभागातली माणसे सावध झाली आहेत. ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ हे वाक्य दिसले की हात आखडतो, आणि तसा तो आखडायलाच हवा. पण कंपन्यांना खाती खरोखरच बदलावी लागतात. १ एप्रिल २०१९ रोजी देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या, पुढच्या वर्षी आणखी सहा सरकारी बँका चार मोठ्या बँकांमध्ये गेल्या आणि हजारो शाखांचे आयएफएससी कोड बदलले. ऑगस्ट २०२०मध्ये रिझर्व्ह बँकेने कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट घेणाऱ्यांच्या चालू खात्यांवर निर्बंध आणले. कर्ज एका बँकेचे आणि ग्राहकांचे पैसे दुसऱ्या बँकेत, अशी सोय असलेल्या कितीतरी लहान उद्योगांना त्यानंतर खाती हलवावी लागली. अशा वेळी खरी कंपनी आणि भामटा शब्दाला शब्द सारखेच पत्र पाठवतात.

अडचणीचे मूळ इथेच आहे. लेटरहेड स्कॅन करता येते, सही उचलता येते, शिक्का शंभर रुपयांत बनतो. ईमेलचा पत्ता अचूक असला तरी तेवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण अनेकदा भामटा पुरवठादाराच्या खऱ्या मेलबॉक्समध्येच शिरलेला असतो आणि तिथूनच लिहितो. ई-इनव्हॉइसवरचा क्यूआर कोड पाहून अनेक जण निश्चिंत होतात. त्या सही केलेल्या कोडमध्ये दोन्ही बाजूंचे जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक, तारीख आणि रक्कम असते, बँक खाते मात्र नसते. बिल अस्सल ठेवून त्याखालचा खाते क्रमांक तेवढा बदलता येतो.

म्हणजे कोणतेही पत्र स्वतःचा खरेपणा स्वतः सिद्ध करू शकत नाही. ग्राहकाला ज्या वाटेने खात्री करून घ्यायची आहे ती वाट त्याने स्वतः निवडलेली असावी, पत्राने दाखवलेली नसावी. खाते बदलणाऱ्या कंपनीने सगळी आखणी याच एका गोष्टीभोवती केली पाहिजे. बहुतेक कंपन्या उलटे करतात. पत्र जास्तीत जास्त पटणारे व्हावे म्हणून ‘तातडीने नोंद घ्यावी’ असे लिहितात, ‘शंका असल्यास या नव्या मोबाइलवर संपर्क साधा’ असे सुचवतात. या दोन्ही ओळी भामट्याच्या पत्रातही हमखास असतात.

समजा, भोसरी एमआयडीसीत सुटे भाग बनवणारी एक भागीदारी फर्म आहे. तिचे कॅश क्रेडिट सहकारी बँकेतून एका सरकारी बँकेत हलते आहे आणि तीसेक ग्राहकांना नवे खाते कळवायचे आहे. पहिले काम ग्राहकांना लिहिण्याचे नाही, स्वतःचा मेलबॉक्स तपासण्याचे आहे. सेटिंगमध्ये जाऊन आपली पत्रे परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा एखादा नियम कोणी बसवून ठेवला आहे का, हे पाहायचे, पासवर्ड बदलायचा आणि लॉग-इनसाठी दुहेरी पडताळणी चालू करायची. आत कोणी दबा धरून बसला असेल तर फर्मची खरी सूचना हीच त्याला संधी ठरते. ती गेली की दुसऱ्या दिवशी तो ‘कालच्या पत्रात खाते क्रमांक चुकला होता, कृपया दुरुस्ती करावी’ असे लिहितो आणि ग्राहक गाफील सापडतो.

मग पहिले पत्र जाते, साधारण महिनाभर आधी, आणि त्यात खाते क्रमांक नसतोच. मजकूर इतका साधा चालतो: ‘आमचे कर्जखाते दुसऱ्या बँकेत जात असल्याने पुढील महिन्यापासून आमचे चालू खाते बदलेल. जुने खाते आणखी सहा महिने चालू राहील, त्यामुळे घाई नाही. नव्या खात्याची कागदपत्रे स्वतंत्रपणे मिळतील. ती मिळाल्यावर, आपल्याकडे आधीपासून असलेल्या आमच्या फोन नंबरवर आपण स्वतः फोन करून खात्री करावी. त्याआधी काहीही बदलू नये. यानंतर दुरुस्तीचे पत्र आम्ही पाठवणार नाही. तसे पत्र आले तर पेमेंट थांबवून आम्हाला फोन करावा.’

या पत्रात फोन नंबर दिलेला नाही, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ग्राहक नंबर शोधतो तो आपल्या जुन्या परचेस ऑर्डरवर किंवा व्हेंडर नोंदणीच्या फॉर्मवर. तो नंबर भामट्याच्या हातात नसतो. ‘जुने खाते सहा महिने चालू राहील’ ही ओळही नुसती सौजन्याची नाही. घाई काढून टाकली की फसवणुकीचा जीवच जातो, कारण भामट्याला सहा महिने थांबणे परवडत नाही. शिवाय व्यवहारातही तिचा उपयोग आहे. खाते बंद केल्यावर आलेली एनईएफटीची रक्कम पाठवणाऱ्याच्या बँकेकडे परत जाते, आणि परत गेलेले पेमेंट मोठ्या कंपनीत पुन्हा मंजूर करून घेणे किती जिकिरीचे असते हे कोणत्याही पुरवठादाराला ठाऊक आहे.

दुसऱ्या टप्प्यात कागद जातात: दोन्ही भागीदारांच्या सहीचे पत्र, फर्मचे नाव छापलेला रद्द केलेला चेक आणि नव्या बँकेच्या शाखेने सही-शिक्क्यानिशी दिलेला खात्याचा दाखला. मोठ्या कंपन्यांची व्हेंडर पोर्टल असतात. तिथे बदल फर्मने आपल्या लॉग-इनमधूनच करावा, ईमेलने कागद पाठवून तिथल्या कर्मचाऱ्याला ‘करून टाका’ म्हणू नये. नेहमीच्या आणि जवळच्या ग्राहकांकडे भागीदाराने स्वतः कागद नेऊन द्यावेत. चाकण किंवा रांजणगावपर्यंतची एक फेरी त्यासाठी वाया गेली असे होत नाही.

इथपर्यंत सगळे नीट करूनही गाडी अडते ती फोनवर. ग्राहकाची अकाउंटंट खात्रीसाठी फोन लावते, फोन उचलणारा मुलगा म्हणतो, ‘खातं बदललंय? मला नाही माहीत बुवा, साहेबांना विचारून सांगतो.’ पलीकडे तत्काळ लाल शेरा पडतो. म्हणून फोन उचलणाऱ्या, डिस्पॅच पाहणाऱ्या, वसुलीला जाणाऱ्या प्रत्येकाला बदलाची तारीख आणि ‘भागीदारांशी बोला’ एवढे एक उत्तर आधी माहीत असावे. पूर्ण खाते क्रमांक फोनवर सांगण्याचे काम भागीदारांपैकी एकानेच करावे. त्यातही ग्राहकाने पत्रातला क्रमांक वाचावा आणि भागीदाराने शेवटचे चार आकडे सांगावेत, म्हणजे दोघांच्या हातात एकच कागद आहे की नाही ते कळते.

त्यानंतर एक रुपयाचे चाचणी पेमेंट. ग्राहक एक रुपया पाठवतो आणि फर्मला फोन करून रक्कम मिळाली का विचारतो. फर्म आपल्या स्टेटमेंटमध्ये पाहून यूटीआर क्रमांक वाचून दाखवते. तो जुळला की मगच व्हेंडर मास्टरमध्ये बदल.

या चाचणीची गरज का, ते समजून घ्यायला हवे. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये रक्कम खाते क्रमांकावर जमा होते. फॉर्मवर लिहिलेले नाव जुळवून पाहण्याचे बंधन बँकेवर नव्हते. त्यामुळे नाव फर्मचे आणि क्रमांक भामट्याचा, असे पेमेंट बिनदिक्कत पार पडत असे. डिसेंबर २०२४मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले की १ एप्रिल २०२५पर्यंत पैसे पाठवणाऱ्याला समोरच्या खातेदाराचे नाव आधी दिसण्याची सोय करावी. या सोयीचा उपयोग जरूर करावा, पण तिचीही मर्यादा आहे. मिळत्याजुळत्या नावाची कंपनी काढून खाते उघडलेले असेल तर पडद्यावर नाव बरोबरच वाटते. उलट, फर्म एकमालकी असेल आणि बँकेत खाते मालकाच्या नावाने नोंदलेले असेल, तर अगदी खऱ्या खात्यावरही ग्राहकाला अनोळखी नाव दिसू शकते. तेव्हा बँकेच्या नोंदीत नाव नेमके कसे लिहिले आहे, हे फर्मने दाखल्यावरून पाहून पत्रात तसेच्या तसे लिहावे. ‘अँड कंपनी’च्या जागी ‘अँड सन्स’ दिसले एवढ्यावरूनही पेमेंट महिनाभर अडकते.

बिलांकडे मात्र सहज दुर्लक्ष होते. पत्र नव्या खात्याचे आणि टॅलीतून छापलेल्या बिलाखाली जुनेच खाते, किंवा उलट, ग्राहकाने खात्री करण्याआधीच बिलावर नवे खाते, अशी विसंगती दिसली की शंका घेणे हे ग्राहकाचे कर्तव्यच ठरते. सगळ्या बिलांवरचे खाते एकाच जाहीर केलेल्या तारखेला बदलावे. त्या तारखेआधीच्या बिलांचे पैसे जुन्या खात्यात आले तरी चालतील, हेही कळवावे.

तीस ग्राहकांपैकी तीन-चार जण तरीही अडून बसतात. कोणी संचालकांचा ठराव मागतो, कोणी नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र, कोणी व्हिडिओ कॉलवर भागीदारांना पाहायचे म्हणतो. त्याचा राग मानण्याचे कारण नाही. उद्या याच फर्मच्या नावाने खोटे पत्र गेले, तर हेच ग्राहक फर्मचे पैसे वाचवतील. भागीदारीत संचालक नसतात, तेव्हा ठरावाऐवजी भागीदारांचे संमतिपत्र द्यावे आणि पुढे जावे.

आणि एखाद्या ग्राहकाचे पैसे चुकीच्या खात्यात गेलेच, तर चूक कोणाची हा वाद दुसऱ्या दिवशी घालावा. त्याच तासात ग्राहकाने आपल्या बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करावा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी, आणि खोट्या ईमेलची मूळ प्रत न पुसता जपून ठेवावी. पैसे पहिल्या खात्यातून पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ते गोठवता आले, तरच परत मिळण्याची आशा राहते.